जामीन झालेला माणूस आत का बसतो

क्रिमिनॉलॉजीच्या मास्टर्ससाठी अर्ज भरतेय. अर्जासोबत एसओपी लागतो, स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हेच का शिकायचंय ते सांगा. शब्दमर्यादा इतकी कमी आहे की मला जे सांगायचंय ते त्यात बसत नाही, आणि घरी आई, कॉलेजमधले मित्र, ज्यांच्या ऑफिसात मी ज्युनियर म्हणून काम करते ते सर, सगळ्यांचा प्रश्न एकच, की सनद मिळालीये, कोर्टात उभी राहायला लागलीस, मग आता हे मध्येच काय काढलंस? म्हणून आधी इथे मराठीत मनासारखं लांब लिहून काढतेय. तिकडे काय कापायचं ते नंतर बघू.

माझं उत्तर खरं तर एका प्रश्नाभोवतीच फिरतं. ज्याला कोर्टाने जामीन दिलाय तो माणूस महिनोन्‌महिने आत का राहतो, आणि एकदाचा बाहेर आला की तारखेला का येत नाही. या प्रश्नाचा पहिला भाग मला कायद्याच्या पदवीने बऱ्यापैकी समजावला, दुसऱ्या भागापाशी मात्र माझी पुस्तकं संपली.

लॉच्या तिसऱ्या वर्षापासून मी एका कारागृहातल्या लीगल एड क्लिनिकमध्ये जातेय. कुठलं कारागृह ते सांगणार नाही, आणि पुढे ज्या माणसाबद्दल लिहिणार आहे त्याच्या ओळखीच्या खुणाही बदलल्यात, कारण त्याची केस अजून चालू आहे. क्लिनिक म्हणजे फार काही नसतं, एक खोली, एक टेबल, दोन-तीन खुर्च्या आणि एक मोठं रजिस्टर. मोबाईल गेटवरच जमा, झडती, नोंदवहीत सही, आत फक्त कागद आणि पेन. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोठडीत असलेल्या कुठल्याही माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आत आहे एवढंच पुरे. पण हक्क आहे हे त्या माणसापर्यंत पोचायला कोणीतरी बराकीजवळ जाऊन बसावं लागतं, ते काम क्लिनिकचं. आम्ही विद्यार्थी आणि विधी स्वयंसेवक कोर्टात उभे राहू शकत नाही, आम्ही माहिती गोळा करतो, अर्ज लिहितो, कागद शोधतो आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांपर्यंत पोचवतो.

आमच्या टेबलावर शिक्षा झालेले एक काका बसायचे, स्वयंसेवकाचं ट्रेनिंग घेतलेले. अक्षर असं की छापल्यासारखं. रजिस्टरचे रकाने त्यांनीच आखलेले: नाव, वडिलांचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस स्टेशन, कलमं, कोर्ट, पुढची तारीख, वकील कोण, घरचा फोन. शेवटचा रकाना मला सुरुवातीला सगळ्यात सोपा वाटायचा आणि तोच सगळ्यात जास्त रिकामा असायचा. कारण साधं आहे, अटकेत मोबाईल मुद्देमालात जमा होतो आणि घरच्यांचा नंबर त्या मोबाईलमध्येच असतो. तुम्हाला स्वतःच्या भावाचा नंबर पाठ आहे का, बघा आठवून. आतून फोन करायची सोय आहे, पण नंबरच माहीत नसेल तर ती सोय काय कामाची! घरचे समजतात पोरगं कामावर आहे, फोन बंद पडलाय. पोरगं समजतं घरच्यांनी टाकलं. मुलाखतीला, म्हणजे तुरुंगात भेटायला, कोणी येत नाही, आणि कोणीच येत नाही म्हटल्यावर जामीनदार कुठून येणार.

एक आकडा इथे सांगते, कारण तो माहीत नसेल तर पुढचं सगळं एखाददुसऱ्या माणसाचं दुर्दैव वाटेल. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्‌स ब्युरोच्या 2022 च्या अहवालात देशातल्या तुरुंगांमध्ये 5,73,220 माणसं होती आणि त्यातली 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून संपलेला नाही. शंभरातले जवळपास शहात्तर. या गर्दीत एक छोटा गट असा असतो ज्यांना जामीन मंजूर झालेला आहे आणि तरी ते आतच आहेत. सुप्रीम कोर्टाने 2022 च्या शेवटी याची माहिती मागवली, तेव्हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सुमारे पाच हजार जण असे असल्याचं सांगितलं. आमच्याकडेही ही यादी यायची आणि ती घेऊन मी बसायचे.

या यादीतल्या माणसांकडे बघताना पहिली गोष्ट शिकले ती ही, की सगळे एकाच कारणाने अडकलेले नसतात. एखाद्यावर तीन-चार गुन्हे असतात, एकात जामीन झालेला असतो आणि तो मुद्दामच जामीनदार देत नाही. त्यामागे हिशेब असतो. एका केसमध्ये बाँड भरला, म्हणजे हमी लिहून दिली, की त्या केसपुरती त्याची कोठडी संपते, दुसऱ्या केसमुळे तो आतच राहतो, पण आतले हे दिवस पुढे पहिल्या केसमध्ये शिक्षा झाली तर त्यातून वजा होत नाहीत (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 428, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत 468). मग सगळ्या केसेसमध्ये जामीन होईपर्यंत तो थांबतो, आणि त्याचं चुकतही नाही. अशा माणसाकडे जाऊन जामीनदार शोधू का म्हणून विचारलं तर तो नुसता हसतो. ओळखायचं कसं, तर त्याच्या फाइलमध्ये कोठडीची वॉरंट किती आहेत ते आधी बघायचं. एकच वॉरंट, किरकोळ कलम, बाँडची रक्कम लहान आणि तरी माणूस आत, तर समजायचं की हा खरंच अडकलाय.

तो असाच होता. वय चोवीस-पंचवीस, मराठवाड्यातला, पुण्याच्या बाजूला एका बांधकामाच्या साइटवर बिगारी. साइटवरून तांब्याची वायर गेली, रात्री तिथे झोपणाऱ्या तिघांना उचललं, दोघांचे नातेवाईक जवळ होते ते सुटले, हा राहिला. गुन्हा चोरीचा, न्यायसंहितेचं कलम 303(2), जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. याआधी एकही गुन्हा नाही. टेबलासमोर बसला तेव्हा मी विचारलं, जामीन झालाय तुझा, माहितीये का? म्हणाला, "नाही मॅडम, वकील म्हणले होते बघतो. पुन्हा आलेच नाहीत." वकील मुकादमाने लावून दिलेला, मुकादम साइट बदलून गेलेला. आणि जामीन झाल्याला पाच महिने उलटलेले.

म्हणजे पाच महिने हा माणूस कायद्याच्या दृष्टीने बाहेर असायला हवा होता आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

आता हे कसं होतं ते नीट सांगते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की जामीन झाला म्हणजे दार उघडलं. ऑर्डर होते कोर्टात, त्यात लिहिलेलं असतं की पंधरा हजाराचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. मुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून द्यायचं, ते सोपं. जामीनदार म्हणजे दुसऱ्या कोणीतरी कोर्टात येऊन सांगायचं की हा पळाला तर पंधरा हजार मी भरीन, आणि तेवढी आपली ऐपत आहे हे कागदांनी दाखवायचं. आधार, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती नाहीतर सातबारा, पगारदार असेल तर पगाराची स्लिप, कुठे कुठे तहसीलदाराचा ऐपत दाखला. ते तपासून झालं की कोर्टातून सुटकेचा कागद कारागृहात जातो, तेव्हा कुठे गेट उघडतं. याच्या केसमध्ये यातलं काहीच सुरू झालेलं नव्हतं, कारण सुरू करणारं कोणी नव्हतंच.

31 जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टाने यावर अगदी बारीक सूचना दिल्यात, मला त्या जवळजवळ पाठ आहेत. जामिनाच्या ऑर्डरची सॉफ्ट कॉपी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृहाच्या ईमेलवर जायला हवी. कारागृहाने ती तारीख ई-प्रिझन्स सॉफ्टवेअरमध्ये टाकायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, त्यांनी स्वयंसेवक किंवा वकील पाठवायचा. महिनाभरात बाँड भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अट बदलण्याचा विचार करू शकतं. जामीनदार स्थानिकच हवा असा हट्ट धरल्यानेही सुटका लांबते, तेव्हा तशी अट घालू नये, हेसुद्धा त्यात आहे. इतकं सगळं लिहिलेलं असताना हा पाच महिने राहिला कारण साखळीतली पहिलीच कडी निसटली, ऑर्डरची तारीख सॉफ्टवेअरमध्ये चढलीच नाही, आणि तारीख नाही म्हणून सात दिवस कधी मोजलेच गेले नाहीत, आणि सात दिवस नाहीत म्हणून महिनाही नाही. यात कोणी दुष्ट नव्हतं. जी माहिती एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जायची ती गेली नाही, आणि ती गेली नाही हे ज्याला कळायला हवं तो बराकीत.

मग आम्ही काय केलं. आधी त्याच्या केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर काढला, कोर्टांच्या ई-कोर्ट्‌स वेबसाइटवर ऑर्डर शोधली, नक्कल मिळवली. कारागृहात वॉरंटचं काम बघणाऱ्या साहेबांना दाखवली, तर त्यांनी पहिल्या नजरेत दुसराच घोटाळा दाखवला, वॉरंटवर वडिलांचं नाव मारुती आणि ऑर्डरमध्ये मारोती. आपल्याकडे दोन्ही एकच, पण गेटवर नावाचा फरक म्हणजे चुकीचा माणूस सुटण्याची भीती, आणि त्यात नोकरी जाते, त्यामुळे ते थांबवतात आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ती दुरुस्ती कोर्टातूनच करून आणावी लागते. हे आधी कळलं ते बरं झालं, नाहीतर जामीनदार मिळूनही तो संध्याकाळी गेटवरून परत बराकीत गेला असता.

दुसरी अडचण वकिलाची. आधीच्या वकिलांचं वकीलपत्र रेकॉर्डवर, त्यांची ना-हरकत मिळाली तर बरं, पण फोन उचलत नाहीत. तेव्हा त्याच्याकडून विधी सेवेसाठी अर्ज लिहून घेतला, नवीन वकीलपत्रावर त्याची सही तुरुंगाधिकाऱ्यांसमोर घेतली, त्यांनी साक्षांकित केली, आणि अडचण काय आहे ते प्राधिकरणाच्या वकील मॅडमनी कोर्टाला सांगितलं. कोर्टाने परवानगी दिली.

तिसरी अडचण घर. फोनचा रकाना याचाही रिकामा. गावाचं नाव आणि तालुका सांगितला त्याने, मग मी गावचे पोलीस पाटील कोण ते शोधून त्यांना फोन लावला. आधी त्यांना वाटलं फ्रॉड कॉल आहे, साहजिकच आहे, आजकाल अटकेच्या नावाखाली पैसे उकळणारे कमी नाहीत. मी म्हटलं, काका पैसे नको आहेत, त्याच्या भावाला फक्त सांगा की तो जिवंत आहे आणि कुठे आहे. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही, मग म्हणाले, "ताई, त्याची आई रोज येऊन विचारती माझ्याकडं."

भाऊ आला. पण जामीनदार म्हणून त्याला उभं करायचं तर कागद काय? जमीन दीड एकर, सातबारा अजून आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही, चुलते धरून सहा-सात हिस्सेदार. त्या जमिनीवर ऐपत दाखला मिळायचा म्हणजे आधी वारसनोंद, मग पुढचं सगळं. रेशनकार्ड एकत्र कुटुंबाचं. पगाराची स्लिप असायचा प्रश्नच नाही. ज्याच्याकडे स्वतःच्या नावावर काही नाही त्याची माणसंही बहुतेक तशीच असतात, हे इतकं उघड आहे की कायदा शिकताना चार वर्षं मला ते कोणी सांगितलं नव्हतं.

मधल्या काळात केंद्र सरकारची गरीब कैद्यांना मदतीची योजनाही तपासून पाहिली, 2023 ची, कच्च्या कैद्याला जामिनासाठी तेव्हा चाळीस हजारापर्यंत मदत मिळू शकत होती. पण योजनेतून पैसे मिळतात, जामीनदार मिळत नाही. ऑर्डरमध्ये माणूस मागितलाय आणि आपण पैसे घेऊन गेलो तर उपयोग नाही. तेव्हा आधी ऑर्डरच बदलून घ्यायला हवी होती. मग एक सामाजिक-आर्थिक अहवाल तयार केला, घर कुठे, कोण कोण आहे, कमाई किती, आधीचा गुन्हा आहे का, गावात कोण ओळखतं, आणि त्याच्या आधारावर दोन मागण्या केल्या: रक्कम कमी करा (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 484), आणि जामीनदाराऐवजी रोख रक्कम घ्या (कलम 490). मॅजिस्ट्रेट साहेबांनी अहवाल शांतपणे वाचला, दोन प्रश्न विचारले आणि पाच हजार रोख भरून सोडायचा आदेश दिला. योजनेचे पैसे समितीकडून मंजूर होईपर्यंत भावाला थांबवेना, म्हणाला मी आणतो. चार दिवसांनी पाच हजार घेऊन आला आणि त्याच संध्याकाळी तो सुटला.

इथवरची गोष्ट मी कॉलेजच्या कार्यक्रमात सांगितली तेव्हा टाळ्या वाजल्या. पण माझ्यासाठी खरा विषय इथून पुढे सुरू होतो.

ते पाच हजार भावाने कुठून आणले? ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतली. दोघा भावांच्या नावावर. म्हणजे हंगाम सुरू झाला की दोघांनी कारखान्यावर जायचं, तोडून उचल फेडायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे मार्चपर्यंत हा कर्नाटकाच्या हद्दीवर उसाच्या फडात, आणि केसची तारीख पुण्याकडे. एक तारीख तो मुकादमाच्या हातापाया पडून आला. यायला रात्र, जायला रात्र, दोन दिवसांची तोड बुडाली, आणि कोर्टात साक्षीदार आला नव्हता म्हणून पाच मिनिटांत पुढची तारीख. ती पुढची तारीख त्याने एका चिठ्ठीवर लिहून घेतली, चिठ्ठी कोपीत पावसात भिजली. त्या तारखेला तो आला नाही. अजामीनपात्र वॉरंट निघालं.

कोर्टाच्या रोजनाम्यात याचं वर्णन एका ओळीत होतं: आरोपी गैरहजर. पुढे त्याच ओळीवरून रोख रक्कम जप्त होऊ शकते, नवीन गुन्हाही दाखल होऊ शकतो (जामिनावर सुटून हजर न राहणं हा न्यायसंहितेच्या कलम 269 खाली वेगळा गुन्हा आहे), आणि पुढच्या वेळी जामिनाचा अर्ज आला की सरकारी वकील बरोबर म्हणतील की हा मागे फरार झाला होता. वकील मॅडमनी त्याला बोलावून वॉरंट रद्द करून घेतलं, थोडा दंड बसला. पण मला एक गोष्ट सोडेना. जामीनदाराची अट घालायची कशासाठी, तर माणूस तारखेला यावा म्हणून. इथे ती अट पुरी करण्यासाठी जे पैसे उभे केले त्या पैशांमुळेच तो तारखेला येऊ शकला नाही!

असं किती जणांचं होतं? हे विचारल्यावर कायदा गप्प बसतो. आणि तो त्याचा दोष नाही, कायदा काय व्हावं ते सांगतो.

1978 मध्ये मोतीराम नावाच्या गवंडी कामगाराची केस सुप्रीम कोर्टात गेली होती. दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ चालला नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं आणि गरिबाला असल्या अटी घालण्यावर सडकून लिहिलं. ते निकालपत्र वाचताना मला दरवेळी आमच्या त्या पोराचा भाऊ आठवतो, दोन्हीमधला काळ जवळजवळ अर्ध्या शतकाचा आहे. पुढच्याच वर्षी, 1979 मध्ये, हुसैनारा खातूनच्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी म्हटलं की आरोपीची समाजात मुळं असतील तर पैशाच्या हमीशिवाय नुसत्या मुचलक्यावर सोडायला हरकत नाही, आणि मुळं कशी बघायची तेही सांगितलं, किती वर्षं एका ठिकाणी राहतो, काम काय करतो, घरात कोण आहे, ओळखणारी जबाबदार माणसं कोण. त्या निकालात न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेल प्रोजेक्टचा उल्लेख आहे.

हा उल्लेख आम्ही परीक्षेला दोन मार्कांसाठी पाठ केला होता. क्लिनिकच्या कामानंतर मी तो नीट वाचायला घेतला. 1961 साली तिथे कायद्याच्याच विद्यार्थ्यांनी अटक झालेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, राहणं किती वर्षांचं, काम, कुटुंब, आधीचे गुन्हे, प्रत्येकाला गुण, आणि पुरेसे गुण मिळणाऱ्याला पैशाशिवाय सोडावं अशी शिफारस. पहिल्या तीन वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं अशी सुटली आणि त्यातले मुद्दाम न आलेले दोन टक्क्यांहून कमी. मला जे भावलं ते हे, की त्यांनी नुसतं म्हटलं नाही की गरीब माणूसही तारखेला येतो, मोजून दाखवलं. त्या मोजण्याच्या जोरावर तिथले नियम हलले. आपण त्यांचा निष्कर्ष निकालात घेतला आणि मोजण्याची सवय तिकडेच राहिली.

म्हणून मला क्रिमिनॉलॉजी शिकायचीये. माझा सामाजिक-आर्थिक अहवाल आणि त्या विद्यार्थ्यांची प्रश्नावली जवळजवळ सारखी होती. फरक एवढाच, की माझ्या अहवालाचं काम माणूस सुटला की संपलं आणि त्यांचं तिथून सुरू झालं.

मला जे करायचंय ते साधारण असं. एका जिल्ह्यातल्या मॅजिस्ट्रेट कोर्टांमधल्या, सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या केसेस घ्यायच्या. त्यात नुसत्या मुचलक्यावर सुटलेले, रोख भरून सुटलेले आणि जामीनदारावर सुटलेले, असे गट पाडायचे, आणि प्रत्येक गट किती तारखांना हजर राहिला ते रोजनाम्यावरून काढायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण मला यातले खड्डे आत्ताच दिसतात. एक तर, रोजनाम्यात "गैरहजर" लिहिलेलं असतं तेव्हा वकिलाने हजेरीमाफीचा अर्ज दिला होता का ते वेगळं बघावं लागतं, माफी मंजूर झालेला गैरहजर आणि न सांगता गैरहजर हे एकाच रकान्यात टाकले तर सगळा हिशेब खोटा. दुसरं म्हणजे, कोर्ट नुसत्या मुचलक्यावर ज्याला सोडतं तो आधीच भरवशाचा वाटलेला असतो, त्यामुळे तो जास्त हजर राहिला म्हणून मुचलका चांगला असं म्हणता येत नाही. हे गट एकमेकांशी तुलना करण्यासारखे कसे करायचे, ती पद्धत मला येत नाही. आणि सगळ्यात अवघड, कारण. रोजनामा सांगतो आला नाही, का आला नाही ते नाही सांगत. त्यासाठी माणसांना भेटावं लागेल, फडात, साइटवर, आणि वॉरंट निघालेला माणूस अनोळखी बाईला का म्हणून खरं सांगेल? आत असलेल्या माणसाने संशोधनासाठी दिलेली संमती कितपत खरी मानायची, टेबलापलीकडे मी बसलेली असताना तो नाही म्हणू शकतो का, हे प्रश्न मला क्लिनिकमध्येच पडायला लागले होते. या गोष्टी शिकवून येतात, नुसत्या कळकळीने येत नाहीत.

न्यूयॉर्कमध्येच अलीकडे समन्सचा कागद सोपा करून आणि तारखेच्या आधी मोबाईलवर मेसेज पाठवून बघितलं, न येणाऱ्यांचं प्रमाण त्याने कमी झालं, 2020 मध्ये तो अभ्यास आलाय. आपल्याकडे हे किती लागू पडेल? तारीख विसरणाऱ्याला मेसेज उपयोगी पडेल, पण उचल घेतलेल्याला तारीख आठवली तरी मुकादम सोडेल का? बहुतेक दोन वेगळे आजार आहेत आणि औषधही वेगवेगळी लागतील, पण ते मला अंदाजाने म्हणायचं नाहीये.

सर म्हणतात की प्रॅक्टिस करत राहिलीस तर अशा दहा-वीस जणांना दर वर्षी सोडवशील, तो हिशेब सोडून अभ्यास कशाला. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि क्लिनिक मी सोडणार नाहीये, शिकतानाही जाईन, प्रवेश मिळेल तिथे फील्डवर्क असतंच. पण नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 बघा. पहिल्यांदाच गुन्हा असलेल्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बाँडवर सोडायचं, आणि अर्ज अधीक्षकांनी स्वतः कोर्टाकडे करायचा. ऑगस्ट 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे जुन्या केसेसनाही लागू केलं. जन्मठेप किंवा फाशीची कलमं असतील तर नाही, एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी नाही, पण बाकीच्यांसाठी फार चांगली तरतूद आहे. आमच्या त्या पोराला मात्र तिचा फायदा एका वर्षानंतर झाला असता, तीन वर्षांचा एक तृतीयांश, आणि त्याचा जामीन दुसऱ्याच आठवड्यात झाला होता. तरतूद करणाऱ्यांसमोर जामीन न मिळालेला माणूस होता. जामीन मिळून अडकलेला किंवा सुटून पुन्हा वॉरंटमध्ये सापडलेला त्यांच्यासमोर ठेवायचा असेल तर एका केसची फाइल नेऊन चालत नाही, शेकडो रोजनाम्यांमधून काढलेला तक्ता न्यावा लागतो.

एसओपीच्या फॉर्ममध्ये शेवटचा प्रश्न आहे, पदवीनंतर काय करणार. मी लिहिलंय की विधी सेवा प्राधिकरणाच्या क्लिनिकमध्येच परत येईन आणि रजिस्टरमध्ये आणखी रकाने वाढवीन: सुटल्याची तारीख, कशावर सुटला, पैसे कुठून आणले, त्यानंतरच्या पहिल्या तीन तारखांना हजर होता का, नसेल तर का. काकांची शिक्षा संपली, ते घरी गेले, आता नवीन स्वयंसेवक रजिस्टर लिहितो. त्याला मी हे रकाने आत्ताच आखायला सांगितलेत, वाट बघण्यासारखं त्यात काही नाही.